‘त्यातच बसवा’ म्हणजे नक्की कशात?

नारायण पेठेत आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. स्मरणिका, वार्षिक अहवाल, माहितीपत्रकं, अधूनमधून एखादं पुस्तक अशी कामं येतात. कोटेशन ईमेलने जातं, ऑर्डरही बहुतेक वेळा ईमेलने येते. तिथपर्यंत सगळं लेखी असतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते सगळं फोनवर चालतं. पानं वाढतात, कागद बदलतो, तारीख अलीकडे येते, कोणीतरी नवा माणूस प्रूफ बघायला लागतो. कायद्याच्या दृष्टीने फोनवर ठरलं तेही ठरलंच. १८७२चा भारतीय करार कायदा अशा व्यवहाराला लेखी असण्याची अट घालत नाही. पण दोन महिन्यांनी बिल समोर येतं तेव्हा दोन माणसांना एकच फोन दोन तऱ्हांनी आठवतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून फोन झाला की ठरलेलं लिहून पाठवायचं, हा आमच्या छापखान्याचा नेम आहे. तो पाळता पाळता जे कळत गेलं ते लिहितोय. सोयीसाठी एकाच कामाचं उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे.

१. ज्या शब्दात आकडा नाही, तो शब्द तसाच लिहायचा नाही

एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम होतं. ऑर्डर स्पष्ट होती: १,००० प्रती, ए-फोर आकार, आतली ९६ पानं रंगीत, १०० जीएसएम मॅट आर्ट पेपर, कव्हर वेगळं, परफेक्ट बाइंडिंग, १,१८,००० रुपये आणि वर जीएसटी. काम अर्ध्यावर आलं असताना मंगळवारी संध्याकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. देणगीदारांची यादी राहिली होती, ती साधारण आठ पानांची होईल म्हणाले. मी म्हटलं, “घेऊ की.” त्यावर ते म्हणाले, “हो, पण ते त्यातच बसवा.” बोलता बोलता पुढे आलं, “आणि कागद जरा बरा वापरा हो, पन्नास वर्षांचं काम आहे.” शेवटी तारखेचं निघालं. “कार्यक्रम सव्वीसला आहे. आधी मिळायला हव्यात प्रती.”

फोन सात-आठ मिनिटांचा आणि अगदी गोडीचा होता. पण त्यात ठरलं काय? ‘त्यातच बसवा’चे तीन अर्थ होतात. यादी त्याच ९६ पानांत बसवा, म्हणजे दुसरं काहीतरी काढा. किंवा पानं वाढवा, पण त्याच पैशांत बसवा. किंवा पानंही वाढू देत, पैसेही वाढू देत, तारीख मात्र हलवू नका. तिन्ही अर्थ सरळ आहेत आणि तिघांचं गणित वेगळं आहे. आमच्याकडे मोठ्या शीटवर ए-फोरची सोळा पानं एका फॉर्ममध्ये निघतात, म्हणजे ९६ पानांचे बरोबर सहा फॉर्म होतात. आठ पानं वाढली की अर्धा फॉर्म वाढतो. त्याच्या प्लेट्स वेगळ्या, मशीनवर चढवणं वेगळं, पहिल्या शीट्स वाया जाणं वेगळं. या कामात तो खर्च ८,५०० रुपये येत होता.

‘जरा बरा कागद’ हाही तसाच प्रकार आहे. बरा म्हणजे जाड, की पांढरा, की चकचकीत? १००च्या जागी १३० जीएसएम घेतला तर वजनाच्या हिशेबाने कागद तीस टक्के जास्त लागतो. शिवाय पुस्तकाचा कणा एक-दीड मिलिमीटरने जाड होतो, आणि कव्हरचं डिझाइन आधीच्या कण्याला धरून तयार असेल तर कण्यावरचं नाव सरकतं. कव्हरची फाइल पुन्हा करावी लागते. फोनवरच्या एका ‘जरा’मागे इतकं असतं.

बघू, ॲडजस्ट करा, होऊन जाईल, नेहमीप्रमाणे, थोडं पुढेमागे: या शब्दांवर आपलं रोजचं बोलणं चालतं आणि ते चालायलाच हवं. फोनवर प्रत्येक शब्द अडवत बसलात तर समोरचा वैतागतो. मी फोनवर अडवत नाही, पुढ्यातल्या कागदावर तो शब्द जसाच्या तसा उतरवून त्याला गोल करतो. लिहून पाठवताना गोल केलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी आकडा, तारीख किंवा प्रश्न यांपैकी एक काहीतरी यायलाच हवं. माझ्या मेसेजमध्ये ‘कागद बरा वापरू’ असं गेलं, तर न लिहिण्यापेक्षाही ते वाईट. समोरच्याच्या मनातला अर्थ मी लेखी कबूल केला, असं त्यातून निघतं.

२. ‘ठरलं’, ‘तसंच राहणार’ आणि ‘ठरायचं आहे’ यांना वेगळं ठेवायचं

त्या फोननंतर गेलेला मेसेज असा होता:

> नमस्कार सर,
> आत्ता फोनवर बोलणं झालं ते लिहून पाठवतो. माझं काही ऐकण्यात चुकलं असेल तर सांगा.
>
> ठरलं:
> १. देणगीदारांची यादी स्मरणिकेत घ्यायची. मजकूर तुम्ही गुरुवार, १२ तारखेला दुपारी १२ पर्यंत ईमेलने पाठवणार.
> २. सर्व १,००० प्रती मंगळवार, २४ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत संस्थेच्या कार्यालयात पोचवणार.
>
> तसंच राहणार: ९६ पानं अधिक कव्हर, १०० जीएसएम मॅट आर्ट, रु. १,१८,००० अधिक जीएसटी.
>
> तुमच्याकडून कळायचं आहे:
> क. यादी ९६ पानांतच घ्यायची असेल तर कोणती पानं काढायची? की ८ पानं वाढवायची? वाढवल्यास रु. ८,५०० जास्त, जीएसटी वेगळा.
> ख. कागद १३० जीएसएम हवा का? हवा असल्यास रु. ९,००० जास्त, जीएसटी वेगळा. कव्हरची फाइल बदलावी लागेल.
>
> शनिवारी सकाळी प्लेट्स करायच्या आहेत, त्यामुळे क आणि ख शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत कळवा. ख बद्दल निरोप आला नाही तर ऑर्डरप्रमाणे १०० जीएसएमच वापरू. क ठरल्याशिवाय प्लेट्स करता येणार नाहीत, आणि जितका उशीर होईल तितकी २४ तारीख पुढे जाईल.

यातली मधली ओळ लोक गाळतात. जे बदललं तेवढंच लिहितात. पण एका कामात चार-पाच फोन होतात, प्रत्येक वेळी एखादी गोष्ट हलते, आणि शेवटी नक्की काय काय तसंच राहिलं हे सांगायला पाच मेसेज जोडून वाचावे लागतात. ‘तसंच राहणार’ असं एका ओळीत प्रत्येक वेळी लिहिलं की शेवटचा मेसेज एकटाच पुरतो. विशेषतः रक्कम. फोनवर पैशांचा विषय निघालाच नसेल तरी ती लिहायची. निघाला नाही म्हणजे वाढणार नाही, असं एकजण धरतो; निघाला नाही म्हणजे नेहमीच्या दराने वाढणार, असं दुसरा धरतो.

तारखेबरोबर वारही लिहायचा. बोलताना ‘पुढच्या मंगळवारी’ म्हटलेलं दोघांच्या कॅलेंडरमध्ये एकाच चौकोनात पडेल याची खात्री नसते. आणि ‘पोचवणार’ म्हटलं तर कुठे, हेही. कार्यालयात, सभागृहावर की तिसऱ्या मजल्यावर? शंभर गठ्ठे जिन्याने वर नेण्याची हमाली कोणाची, यावर दारात उभं राहून बोलणं दोघांनाही शोभत नाही.

३. न आलेलं उत्तर म्हणजे होकार नव्हे

‘आपलं उत्तर न आल्यास हे आपणांस मान्य आहे असे समजण्यात येईल’ हे वाक्य पुष्कळ जण टाकतात. वाचायला भारदस्त आहे, पण त्याच्या भरवशावर मी मशीन चालू करत नाही. गप्प राहिलेल्या माणसाला आपण एकतर्फी होकारात ओढू शकत नाही, हे करार कायद्याचं जुनं तत्त्व आहे. व्यवहारातही तेच. ज्याने मेसेज वाचलाच नाही त्याच्यावर पानं वाढवल्याचं बिल लादलं तर तो पैसे देईल एखादवेळी, पुढचं काम देणार नाही.

म्हणून वरच्या मेसेजमध्ये क आणि ख यांचा शेवट मुद्दाम वेगळा आहे. कागदाबद्दल उत्तर आलं नाही तर मूळ ऑर्डर आहेच, ती दोघांना मान्य झालेली आहे, तिच्यावर परत यायचं. नवीन काही गृहीत धरायचं नाही. पानांबद्दल मात्र मूळ ऑर्डर उत्तर देत नाही, कारण यादी घ्यायची हे तर ठरलंय. तिथे थांबायचं, आणि थांबल्याचा परिणाम तारखेवर काय होईल ते आधीच सांगून ठेवायचं. प्रत्येक अनिर्णित मुद्द्याला आपण विचारायचं: उत्तर आलंच नाही तर मी कशावर परत जाऊ शकतो? परत जायला जागा असेल तर ती लिहायची, नसेल तर थांबण्याची वेळ लिहायची. आमच्याकडे ती वेळ प्लेट्सची. तुमच्या धंद्यात ती दुसरी असेल: सुतार प्लायवूड कापतो ती, शिंपी कापडाला कात्री लावतो ती. जिथून मागे फिरणं महाग पडतं त्याच्या अलीकडची वेळ द्यायची, कार्यक्रमाच्या अलीकडची नाही.

४. अंगठा कशाला दाखवला, ते विचारायचं

सचिवांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: अंगठा.

कॅनडात सस्कॅचवान प्रांतातल्या एका खटल्यात न्यायालयाने २०२३ साली असा अंगठा हाच करारावरचा होकार धरला. जवसाच्या खरेदीच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला फोनवर गेला होता, त्याने अंगठा पाठवला आणि माल दिला नाही. त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास भरपाई द्यावी लागली. मात्र त्या दोघांमधले आधीचे करारही अशाच एक-दोन शब्दांच्या उत्तरांवर झाले होते, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. आपल्याकडे अंगठ्याचा अर्थ ‘मिळालं’, ‘वाचलं’, ‘बघतो’, ‘नमस्कार’ यांपैकी काहीही असतो. शिवाय माझ्या मेसेजमध्ये दोन प्रश्न होते, आणि दोन पर्यायांच्या प्रश्नाला अंगठा हे उत्तर होऊच शकत नाही.

अशा वेळी पुन्हा सगळा मेसेज पाठवायचा नाही. एकच छोटा प्रश्न, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल असा: “सर, पानं ९६ की १०४?” लोक लांब मेसेजला उत्तर टाळतात ते आळसाने नव्हे, उभ्या उभ्या, गाडीत, मीटिंगमध्ये एवढं लिहिता येत नाही म्हणून. उत्तर आलं: “९६च. शुभेच्छा संदेशांची पानं काढा. यादी बारीक टाइपात घ्या.”

मी स्वतः पानं वाढणार असंच ऐकलं होतं आणि पैशांचा प्रश्न येईल म्हणून कागदावर गोल केला होता. त्यांच्या मनात पानं वाढवण्याचा विचारच नव्हता. दोघांनी एकच वाक्य ऐकलं, बोललं, आणि दोघं वेगवेगळी स्मरणिका बघत होते. हे शनिवारच्या आधी कळलं म्हणून फार तर एक संध्याकाळ गेली.

५. बोलतो तो आणि ठरवतो तो, हे एकच असतील असं नाही

संस्थांच्या कामात हे विशेष. फोन सचिव करतात, पैसे खजिनदार देतात, आणि शेवटच्या क्षणी मुखपृष्ठावरचा रंग अध्यक्षांना आवडत नाही. कंपन्यांतही वेगळं नसतं, फक्त पदांची नावं इंग्रजी असतात. ऑर्डरच्या ईमेलमध्ये ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना फोननंतरचं टिपण ईमेलनेही पाठवायचं. व्हॉट्सॲपवर लगेच, ईमेल त्यामागून, मजकूर तोच. पैसे किंवा तारीख हलत असेल तर खजिनदारांना ते कळलंच पाहिजे, सचिवांनी ‘मी सांगतो त्यांना’ म्हटलं तरी.

प्रूफच्या बाबतीत आणखी एक. ‘पीडीएफ ओके आहे’ असं फोनवर सांगितलं तर कोणती पीडीएफ? एका कामाच्या चार-पाच फाइली गेलेल्या असतात. टिपणात फाइलचं नाव जसंच्या तसं लिहायचं: “अध्यक्षांनी बघून मंजूर केलेली फाइल `smaranika_v4.pdf`, शुक्रवारी ११.४० ला पाठवलेली. हीच छापू.” फाइलीच्या नावात `final` हा शब्द मी वापरतच नाही. त्यानंतर `final2` येतं हे ठरलेलं असतं.

६. “आमच्यावर विश्वास नाही का?”

जुन्या ग्राहकांकडून हे एकदा तरी ऐकावं लागतं, आणि ज्यांच्या वडिलांपासून कामं येतात त्यांना टिपण पाठवताना हात थोडा अडतो हे खरं आहे. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे टिपण त्यांच्यासाठी नाही, माझ्या माणसांसाठी आहे असं सांगायचं. ते खोटंही नाही. फोन मी घेतो, पण प्लेट करणारा, मशीनवरचा, बाइंडिंगचा यांच्यापैकी कोणीही त्या फोनवर नव्हतं. “काका, तुम्ही सांगितलेलं आमच्या मशीनवाल्याला नीट कळावं म्हणून लिहून ठेवतो, तुम्ही फक्त नजर टाका.” काका खुशीने नजर टाकतात. बरेचदा चूक काढतात, म्हणजे टिपणाचं काम झालं.

भाषा बोलण्यातलीच ठेवायची. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते’ असं आलं की समोरचा वकील शोधायला लागतो. ‘तुम्ही म्हणालात’ यापेक्षा ‘आपलं ठरलं’ बरं, आणि ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ त्याहून बरं, कारण त्यात दुरुस्तीला जागा आहे. फोनवर खटका उडाला असेल तर तो टिपणात उतरवायचा नाही. “आपण आवाज चढवून सांगितलंत की” असली वाक्यं मी इतरांच्या ईमेलमध्ये वाचली आहेत. त्यानंतर ठरलेल्या गोष्टींकडे कोणाचं लक्ष जात नाही.

७. पैशांची मुदत आणि मालाबद्दलची तक्रार

इथे लेखी असण्याला कायद्यातच वजन आहे. छापखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे, पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असेल तर ती पाळायची आणि ती ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी ठरलेलंच नसेल तर हिशेब १५ दिवसांचा होतो. म्हणजे फोनवर ‘महिनाअखेरीस देतो’ म्हणणाऱ्या ग्राहकाचाच फायदा ते लिहून घेण्यात आहे. त्याच कायद्यात असंही आहे की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. फोनवरची तक्रार त्यात बसत नाही. तरी ग्राहकाचा असा फोन आला की “वीस-पंचवीस प्रतींत पानं उलटी लागलीत” हे मीच लिहून पाठवतो: किती प्रती, काय दोष, कधी बदलून देणार. तक्रार मोकळी सोडली की वीसच्या दोनशे होतात, आणि बिल दोनशेंच्या नावाने अडतं.

८. लिहिलेलं सापडलं पाहिजे

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, नंतर पुसताही येतो, आणि चॅटवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर कोणी काही न करताच जातो. ती सोय कामाच्या चॅटवर बंद आहे ना, ते बघायचं. आम्ही प्रत्येक टिपणाचा प्रिंट काढून जॉब कार्डाच्या पाकिटात टाकतो, म्हणजे मशीनवरच्या माणसालाही मला विचारावं लागत नाही.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर नुसता प्रिंट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा प्रतीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात २०२० साली, जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल, हे प्रमाणपत्र का हवं यावर सविस्तर निकाल आहे. मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही, असंही त्यात म्हटलं आहे. थोडक्यात, जुना फोन विकण्याआधी कामाची टिपणं ईमेलमध्येही आहेत याची खात्री करावी. कॉल रेकॉर्डिंगच्या भरवशावर मी नसतो. आठ मिनिटांचं बोलणं पुन्हा ऐकलं तरी ‘त्यातच बसवा’चे तीन अर्थ तीनच राहतात.

स्मरणिकेचं बिल गेल्यावर खजिनदारांचा फोन आला. “कागद तुम्ही जाड देणार होतात ना? सचिव म्हणत होते.” मी त्यांना मंगळवारचा ईमेल पुन्हा पाठवला, ख मुद्द्याला पिवळा रंग देऊन, वर एकच ओळ: “सर, यावर निरोप आला नव्हता, म्हणून ऑर्डरप्रमाणे १०० जीएसएमच वापरला आणि दरही त्याचाच लावला आहे.” त्यांनी तो सचिवांना पुढे पाठवला असावा. दुसऱ्या दिवशी चेक न्यायला या असा निरोप आला.

९. सगळंच लिहायचं नाही

‘फाइल मिळाली का’, ‘मुलगा निघालाय, पोचेल’ असल्या फोनची टिपणं पाठवली तर लोक आपले मेसेज उघडणं सोडून देतात, आणि खरं टिपण त्यात बुडतं. माझी चाळणी साधी आहे. फोनमुळे पैसे, तारीख, संख्या, मालाचा प्रकार किंवा होकार देणारा माणूस यांतलं काहीही हललं तर लिहायचं. यांतलं काही हललं नसेल तर नाही. शंका असेल तर लिहायचं, पण दोन ओळींत.

आणि पाठवून झाल्यावर समोरून दुरुस्ती आली, तर जुन्या टिपणाखाली “ओके सर, २४ ऐवजी २३” एवढ्यावर भागवायचं नाही. पूर्ण टिपण नव्या तारखेसह पुन्हा पाठवायचं, वर ‘आधीच्या टिपणाऐवजी हे धरावं’ असं लिहून. जॉब कार्डाच्या पाकिटातला जुना प्रिंट तेव्हाच फाडायचा. मशीनवरच्या माणसाच्या हाती दोन कागद लागले तर तो वरचा वाचतो, आणि वरचा कोणता असेल हे सांगता येत नाही.